शहामृगाचं कवच आणि आईकडची जनुकं: गिरणेच्या खोऱ्यात माणूस कधी आला?

सटाण्याजवळून वाहणारी आरम पुढे गिरणेला मिळते आणि गिरणा मालेगाव ओलांडून खानदेशात उतरते. याच गिरणेच्या खोऱ्यात, सटाण्यापासून शंभरेक किलोमीटरवर, चाळीसगावच्या दक्षिणेला सातमाळ्याच्या पायथ्याशी पाटणे हे गाव आहे. पाटणादेवीच्या दर्शनाला किंवा भास्कराचार्यांच्या स्मृतीशी जोडलेला शिलालेख पाहायला लोक तिकडे जातात. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना मात्र हे गाव वेगळ्याच कारणासाठी ठाऊक आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला एस. ए. साळी यांनी इथे उत्खनन केलं, तेव्हा दगडी हत्यारांच्या थरात शहामृगाच्या अंड्यांच्या कवचांचे तुकडे सापडले. काहींचे मणी केलेले होते. एका तुकड्यावर रेषा कोरलेल्या होत्या.

शहामृग हा आफ्रिकेतला पक्षी. मग त्याची अंडी खानदेशात कशी? माणसांनी ती आफ्रिकेतून सोबत आणली होती का?

नाही. त्या काळी शहामृग इथेच राहत होते. राजस्थान, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रात अनेक ठिकाणी त्यांची कवचं मिळाली आहेत. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अशा कवचांमधून डीएनए वेगळा काढला आणि ती शहामृगाचीच असल्याचं २०१७ मध्ये दाखवून दिलं. पक्ष्याचं कोडं असं सुटलं. मणी करणाऱ्या माणसांचं कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही. ती माणसं आपलेच पूर्वज होती, आणि त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून निघाले होते, इथपर्यंत एकमत आहे. ते भारतात नेमके कधी पोचले, याचं एक उत्तर दगड देतात आणि दुसरं जनुकं देतात. दोन्ही उत्तरांत पंचवीस-तीस हजार वर्षांचं अंतर आहे.

आधी आलेले वेगळे

आफ्रिकेबाहेर माणूस एकदाच पडला नाही. आपल्याहून जुन्या जातीची माणसं सुमारे १८ लाख वर्षांपूर्वीच बाहेर आली होती. जॉर्जियातल्या दमानिसी इथे सापडलेल्या कवट्या त्याच काळातल्या आहेत. चेन्नईजवळच्या अतिरमपक्कम इथे शांती पप्पू यांच्या गटाला सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीच्या हातकुऱ्हाडी मिळाल्या. नाशिकजवळ गंगापूर इथे गोदावरीच्या काठी ह. धी. सांकलिया यांना मिळालेली दगडी हत्यारं याच जुन्या परंपरेतली. ती घडवणारे हात माणसाचे होते, पण आपल्या जातीच्या माणसाचे नव्हते.

आपली जात, म्हणजे होमो सेपियन्स किंवा आधुनिक मानव, आफ्रिकेतच घडली. मोरोक्कोतल्या जेबेल इरहूद इथले जीवाश्म सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीचे आहेत, आणि आपल्या जातीच्या सुरुवातीच्या खुणा त्यांच्यात दिसतात. इथिओपियातल्या ओमो किबिश इथली कवटी २ लाख वर्षांहून जुनी आहे. या माणसांच्या वंशजांपैकी काही जण बाहेर पडले आणि पुढे आशिया, ऑस्ट्रेलिया, युरोप आणि सर्वांत शेवटी अमेरिका असे पसरले. पाटण्याला मणी करणारे या दुसऱ्या लाटेतले.

कवचाचं वय कसं काढतात?

पाटण्याच्या कवचाच्या एका तुकड्याचं वय किरणोत्सारी कार्बनच्या पद्धतीने सुमारे २५,००० वर्षं आलं. हा आकडा कसा निघतो, ते पाहिलं की त्या पद्धतीची ताकद आणि तिची मर्यादा दोन्ही समजतात.

हवेतल्या कार्बनचा अगदी थोडा अंश कार्बन-१४ या अस्थिर प्रकारचा असतो. वनस्पती तो हवेतून घेतात. शहामृग त्या वनस्पती खातो आणि त्यातलाच कार्बन अंड्याच्या कवचातल्या चुन्यात जातो. कवच तयार झालं की नव्या कार्बनची आवक थांबते. आत असलेला कार्बन-१४ मात्र ठरलेल्या गतीने नष्ट होत राहतो. दर ५,७३० वर्षांनी तो निम्मा होतो, म्हणून या काळाला त्याचं अर्धायुष्य म्हणतात. २५,००० वर्षांत चाराहून थोडी अधिक अर्धायुष्यं उलटतात, आणि मूळच्या कार्बन-१४ पैकी साधारण विसावा भाग उरतो. तेवढा मोजता येतो.

या आकड्यात एक दुरुस्ती करावी लागते. हवेतल्या कार्बन-१४चं प्रमाण सगळ्या काळात सारखं नव्हतं. झाडांची खोडं, तळ्यांच्या तळाचा गाळ, गुहांमधले चुन्याचे थर यांच्याशी ताडून हा फरक भरून काढतात. तसं केल्यावर २५,००० ‘कार्बन वर्षं’ म्हणजे प्रत्यक्षात सुमारे २९,००० वर्षं होतात. पाटण्याबद्दल वाचताना कुठे २५ हजार तर कुठे त्याहून मोठा आकडा दिसला, तर त्याचं कारण बहुधा हेच असतं.

आता मर्यादा. ५०,००० वर्षांनंतर मूळच्या कार्बन-१४चा जेमतेम पाव टक्का उरतो. अशा नमुन्यात मातीतल्या पाण्यासोबत एक टक्का जरी नवा कार्बन शिरला, तरी उरलेल्या जुन्या कार्बनपेक्षा हा नवा चौपट होतो आणि ५० हजार वर्षांपूर्वीची वस्तू सुमारे ३६ हजार वर्षांपूर्वीची वाटू लागते. कवचाच्या बाबतीत हे सहज घडतं, कारण ते चुन्याचंच असतं आणि जमिनीतला नवा चुना त्यात मुरू शकतो. म्हणून तपासणीआधी कवचाचा बाहेरचा थर खरवडून काढतात आणि आतल्या चुन्याची मूळ रचना बदलली आहे का, हे पाहतात.

नेमकी इथेच अडचण उभी राहते. आपले पूर्वज भारतात कधी आले हा प्रश्न ५० ते ८० हजार वर्षांपूर्वीच्या काळातला आहे, आणि कार्बनचं घड्याळ तिथे पोचायच्या आतच बंद पडतं.

त्याहून मागे जायला वाळूचं घड्याळ वापरतात. वाळूतले क्वार्ट्झचे कण जमिनीत गाडले गेले की आजूबाजूच्या मातीतल्या सूक्ष्म किरणोत्सारामुळे त्यांच्यात ऊर्जा साठत जाते. ऊन लागलं की ती रिकामी होते आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. म्हणून संशोधक अंधारात, बंद नळीतून वाळूचा नमुना काढतात. प्रयोगशाळेत त्यावर प्रकाश टाकला की साठलेली ऊर्जा मंद उजेडाच्या रूपाने बाहेर पडते. तो उजेड मोजून कण किती काळ गाडलेले होते याचा अंदाज येतो. यालाही धोका आहेच. पुराच्या गढूळ पाण्यातून आलेल्या कणांना गाडलं जाण्यापूर्वी पुरेसं ऊन मिळालं नसेल, तर जुनी ऊर्जा शिल्लक राहते आणि थर आहे त्याहून जुना वाटतो. त्यामुळे एकाच नमुन्यातले अनेक कण सुटे सुटे तपासतात. सगळ्यांची उत्तरं जवळपास आली तरच वयावर विश्वास ठेवतात.

रेषा माणसाच्या की मुळांच्या?

पाटण्याच्या कोरीव तुकड्यावर समांतर रेषा आहेत आणि त्यांच्यामध्ये एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेषांची जाळी आहे. अशा खुणा पाहिल्यावर पहिली शंका घ्यायची ती निसर्गाची. जमिनीतली बारीक मुळं कवचाला चिकटून वाढतात आणि त्यांच्या आम्लामुळे चुना विरघळून नागमोडी चर पडतात. भारतात ‘कोरीव’ म्हणून नोंदवलेल्या कवचांच्या अनेक तुकड्यांवरच्या रेषा फेरतपासणीत मुळांच्याच निघाल्या. मुळाच्या चराचा तळ गोलसर असतो, रुंदी कमीजास्त होते आणि तो हवा तसा वळतो. दगडी टोकाने ओढलेली रेघ सरळ असते, तिचा छेद कोनदार असतो आणि आत ओरखड्याच्या समांतर खुणा दिसतात. पाटण्याचा तुकडा या कसोटीला उतरला. तो माणसानेच कोरलेला आहे, हे मान्य झालं आहे.

मण्यांच्या बाबतीत शंका कमी असते, कारण घडणीच्या पायऱ्याच तुकड्यांवर दिसतात. आधी कवचाचा छोटा तुकडा तोडायचा, अणकुचीदार दगडाने त्याला भोक पाडायचं, कडा टवकून गोलसर करायच्या आणि शेवटी त्या दगडावर घासून गुळगुळीत करायच्या. आफ्रिकेत अशाच पद्धतीने केलेले मणी सुमारे ५० हजार वर्षांपूर्वीपासून मिळतात.

यावरून केंब्रिज विद्यापीठातले पुरातत्त्वज्ञ पॉल मेलर्स यांनी एक धीट मांडणी केली. दक्षिण आफ्रिकेतल्या डीपक्लूफ इथे सुमारे ६० हजार वर्षांपूर्वीची, जाळीदार आणि समांतर रेषा कोरलेली शहामृगाची कवचं सापडली आहेत. मेलर्स यांनी तिथली नक्षी आणि पाटण्याची नक्षी शेजारी ठेवली. दोन्हीकडची बारीक दगडी पाती आणि मणीही जोडीला घेतले. त्यांचं म्हणणं असं, की हे सगळं एकत्रच आफ्रिकेतून निघालं आणि समुद्रकिनाऱ्याने ५०-६० हजार वर्षांपूर्वी भारतात पोचलं.

या मांडणीवर मोठा आक्षेप काळाचा आहे. डीपक्लूफ आणि पाटणे यांच्यात तीस हजार वर्षांचं अंतर आहे, आणि मधल्या वाटेवर अरबस्तानात किंवा इराणच्या किनाऱ्यावर तशी कोरीव कवचं मिळालेली नाहीत. शिवाय गुळगुळीत, वळणदार कवच हातात आलं की त्यावर आडव्या-तिरप्या रेघा ओढणं हे कोणालाही, कुठेही सुचू शकतं. पाटणे एवढंच ठामपणे सांगतं, की सुमारे २९ हजार वर्षांपूर्वी गिरणेच्या खोऱ्यात दागिने करणारी, नक्षी कोरणारी माणसं राहत होती. ती आली कधी, हे त्या कवचावर लिहिलेलं नाही.

आईकडून आलेली पोथी

दुसरा पुरावा आज जिवंत असलेल्या माणसांच्या शरीरात आहे. पेशींमध्ये ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया नावाचे सूक्ष्म भाग असतात. त्यांचा स्वतःचा छोटा डीएनए असतो, १६,५६९ अक्षरांचा. तो फक्त आईकडून मुलांना मिळतो आणि वडिलांच्या डीएनएशी मिसळत नाही. म्हणून आई, आजी, पणजी अशी एकच सलग रेषा त्यावरून मागे नेता येते.

छापखाने नव्हते तेव्हा पोथ्या हाताने उतरवल्या जात. उतरवताना एखादं अक्षर चुकलं, की त्या प्रतीवरून केलेल्या सगळ्या प्रतींत ती चूक जाई. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली, ती अनेक प्रतींतले पाठभेद ताडून. कोणत्या चुका कोणत्या प्रतींत समान आहेत ते पाहिलं, की कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरवली हे कळतं. डीएनएची नक्कल होतानाही क्वचित एखादं अक्षर बदलतं. या बदलाला उत्परिवर्तन म्हणतात. ज्यांच्यात तोच बदल सापडतो, त्यांची एक सामाईक पूर्वज-आई असते.

१९८७ मध्ये रिबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि ॲलन विल्सन यांनी जगाच्या निरनिराळ्या भागांत मुळं असलेल्या १४७ जणांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए असा ताडून पाहिला. सगळ्या रेषा मागे जात आफ्रिकेत, सुमारे २ लाख वर्षांपूर्वी एकत्र आल्या. पुढच्या अभ्यासांनी हे चित्र अधिक नेमकं केलं. आफ्रिकेतल्या अनेक शाखांपैकी एल-३ या एकाच शाखेपासून एम आणि एन या दोन फांद्या फुटल्या. आफ्रिकेबाहेरच्या जवळजवळ प्रत्येक माणसाची आईकडची रेषा या दोहोंपैकी एका फांदीत मोडते.

भारतात साधारण साठ टक्के लोक एम फांदीतले आहेत. तिच्या अनेक उपशाखा फक्त भारतीय उपखंडातच मिळतात, आणि त्यांच्यात इतके वेगवेगळे बदल साचले आहेत की त्या इथेच दीर्घकाळ वाढल्या असाव्यात. अंदमानातल्या आदिवासींचा अभ्यास सीसीएमबीच्या कुमारसामी थंगराज आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्यातही एम फांदीच्या अशाच खोल, वेगळ्या शाखा आढळल्या.

या बदलांवरून काळ कसा काढायचा? संपूर्ण मायटोकॉन्ड्रियल डीएनएत सरासरी ३,६०० वर्षांत एक बदल टिकून राहतो, असा एक प्रचलित अंदाज आहे. समजा, एम फांदीतल्या दोन भारतीय स्त्रियांच्या डीएनएत २८ अक्षरांचा फरक आहे. दोन्ही रेषा एकाच आईपासून सुरू झाल्या, म्हणून प्रत्येकीच्या वाट्याला सरासरी १४ बदल येतात. १४ गुणिले ३,६०० म्हणजे सुमारे ५० हजार वर्षं. एका जोडीवरून हा आकडा काढला तर तो बराच चुकू शकतो, कारण बदल घड्याळाच्या काट्यासारखे नेमाने होत नाहीत. शेकडो लोकांची सरासरी घेतली की अंदाज स्थिरावतो, आणि एम व एन या फांद्यांचं वय ५० ते ६० हजार वर्षांच्या आसपास येतं.

निअँडरथलचे तुकडे

याहून नेमकं घड्याळ अनपेक्षित ठिकाणी सापडलं. निअँडरथल ही युरोप आणि पश्चिम आशियात राहणारी, पुढे नाहीशी झालेली मानवजात. स्वांते पेबो यांच्या गटाने २०१० मध्ये तिच्या हाडांमधून मिळालेला जनुकीय आराखडा प्रसिद्ध केला. या क्षेत्रातल्या कामाबद्दल पेबो यांना २०२२ चं नोबेल मिळालं. आफ्रिकेबाहेरच्या सर्व लोकांमध्ये निअँडरथलचा एक ते दोन टक्के डीएनए असल्याचं या कामातून उघड झालं. सटाण्यात राहणाऱ्या माणसात तो आहे, तसाच तो जपानमधल्या आणि पेरूमधल्या माणसातही आहे. म्हणजे सगळ्यांचे पूर्वज जगभर पांगण्याआधी, बहुधा पश्चिम आशियात, निअँडरथल लोकांशी त्यांचा संबंध आला होता.

तो कधी आला, हे त्या तुकड्यांच्या लांबीवरून कळतं. निअँडरथल आणि आधुनिक मानव यांच्या अपत्याला एका पालकाकडून निअँडरथलची अखंड गुणसूत्रं मिळतात. पुढच्या प्रत्येक पिढीत आईवडिलांच्या गुणसूत्रांची अदलाबदल होते आणि हे तुकडे लहान होत जातात. आज ते बारीक झाले आहेत. सैबेरियात उस्त-इशिम इथे सापडलेल्या ४५ हजार वर्षांपूर्वीच्या माणसात मात्र ते बरेच लांब आहेत, कारण त्याच्या आणि त्या मिश्रणाच्या मध्ये पिढ्या कमी होत्या. अशा प्राचीन डीएनएवर आधारलेल्या दोन अभ्यासांनी २०२४ मध्ये मिश्रणाचा काळ साधारण ५० ते ४३ हजार वर्षांपूर्वीचा ठरवला.

भारतापुरता मोठा अभ्यास २०२५ मध्ये आला. २,७६२ भारतीयांचे जनुकीय आराखडे तपासून संशोधकांनी निष्कर्ष काढला, की भारतीयांमधली बहुतेक जनुकीय विविधता सुमारे ५० हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेतून झालेल्या एकाच मोठ्या स्थलांतरातून आलेली आहे. इराणकडच्या शेतकऱ्यांशी नातं असलेले लोक आणि स्टेप गवताळ प्रदेशातले पशुपालक यांचे वंश त्यात बऱ्याच नंतर मिसळले. तेही त्याच स्थलांतराच्या वंशजांपैकी होते.

मग ज्वालापुरम इथे कोण होतं?

सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. त्याची राख भारतभर पडली आणि काही दऱ्याखोऱ्यांत ती आजही थराच्या रूपात दिसते. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीच्या काठी बोरी इथे मिळालेल्या राखेच्या थराने तर मोठा वाद निर्माण केला. ही राख टोबाची की त्याहून खूप जुनी, यावर डेक्कन कॉलेजच्या आणि इतर अभ्यासकांत वर्षानुवर्षं चर्चा झाली. राख नदीने वाहून आणून दुसरीकडे साठवली असेल, तर तिच्या वयावरून शेजारच्या हत्यारांचं वय सांगता येत नाही, हा त्या वादातला कळीचा मुद्दा.

आंध्र प्रदेशात ज्वालापुरम इथे मात्र राख टोबाचीच आहे. रवी कोरिसेट्टर आणि मायकल पेट्राग्लिया यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवलं, की तिथे राखेच्या खालीही दगडी हत्यारं आहेत आणि वरही आहेत, आणि दोन्हींची घडण सारखी आहे. त्यांच्या मते ती आधुनिक मानवाची होती. म्हणजे आधुनिक मानव ७४ हजार वर्षांपूर्वीच दक्षिण भारतात होता. मध्य प्रदेशात सोन नदीच्या खोऱ्यातल्या ढाबा इथेही साधारण ८० ते ६५ हजार वर्षांपूर्वी सलग वस्ती असल्याचं २०२० मध्ये प्रसिद्ध झालं.

जनुकं म्हणतात ५० हजार, आणि हत्यारं म्हणतात ७५-८० हजार. दोन्ही पद्धती काळजीपूर्वक वापरलेल्या असताना असं का व्हावं?

पहिली शक्यता अशी, की ती हत्यारं आधुनिक मानवाची नव्हतीच. दगडावर कारागिराची जात लिहिलेली नसते. पश्चिम आशियात निअँडरथल आणि आधुनिक मानव एकाच पद्धतीने दगड फोडत होते, आणि शेजारी हाडं सापडली म्हणूनच कोणतं ठिकाण कोणाचं ते कळलं.

दुसरी शक्यता अशी, की आधुनिक मानव खरोखर लवकर आला, पण त्याचा वंश टिकला नाही. असं इतरत्र घडलेलं आहे. इस्राएलमधल्या मिसलिया गुहेतला आधुनिक मानवाचा जबडा १ लाख ८० हजार वर्षांच्या आसपासचा आहे. सौदी अरेबियात अल वुस्ता इथे सापडलेलं बोटाचं हाड ८५ हजार वर्षांहून जुनं आहे. ही माणसं आफ्रिकेबाहेर पोचली होती, तरी आज जिवंत असलेल्या कोणाच्याही जनुकांत त्यांचा ठळक वाटा दिसत नाही. जनुकं फक्त टिकलेल्या वंशांची हकिकत सांगतात. जीवाश्म आणि हत्यारं न टिकलेल्यांचीही नोंद ठेवतात. त्यामुळे दोघांची उत्तरं वेगळी असूनही दोन्ही बरोबर असू शकतात.

महाराष्ट्राच्या शेजारी मिळालेला एक पुरावा जनुकांच्या बाजूने झुकतो. डेक्कन कॉलेजच्या शीला मिश्रा आणि सहकाऱ्यांनी नर्मदेच्या खोऱ्यात मेहताखेडी इथली सूक्ष्म पाती तपासली. छोट्या गोट्यावरून अरुंद, सुबक पाती काढून ती लाकडात बसवायची, असं हे तंत्र आहे. तिथलं त्याचं वय सुमारे ४५ हजार वर्षं आलं. ढाब्यातही सूक्ष्म पाती सुमारे ४८ हजार वर्षांपूर्वीपासून दिसतात. आज टिकलेल्या वंशाचे पूर्वज पोचल्याचा जनुकांनी सांगितलेला काळ साधारण हाच आहे.

हाडं गेली कुठे?

या वादाचा निकाल एका कवटीने लागू शकतो, पण भारतात ती मिळालेली नाही. नर्मदेच्या काठी हथनोरा इथे अरुण सोनकिया यांना १९८२ मध्ये सापडलेली कवटी आधुनिक मानवाची नाही, ती त्याहून जुन्या प्रकारची आहे. उपखंडातले आधुनिक मानवाचे सर्वांत जुने अवशेष श्रीलंकेतल्या फा-हिएन लेना या गुहेतले आहेत. तेही ४० हजार वर्षांच्या अलीकडचे.

उष्ण हवा, दरवर्षीचा पावसाळा आणि पाण्याने भिजून-वाळून हलणारी माती यांत हाड फार काळ टिकत नाही. नदीकाठच्या उघड्या वस्त्यांत हाडं गाडली जाण्याआधीच कुजतात. डीएनएची स्थिती याहून बिकट आहे, कारण तापमान जितकं जास्त तितक्या लवकर त्याचे तुकडे होतात. हरियाणातल्या राखीगढी इथल्या साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांचे साठाहून अधिक नमुने तपासले गेले. अभ्यासण्याजोगा डीएनए मिळाला तो एकाच व्यक्तीचा, आणि तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या दहापट जुन्या हाडातून भारताच्या हवेत डीएनए मिळणं किती कठीण असेल, याची यावरून कल्पना येते.

किनाऱ्याने आलेल्या माणसांचा माग तर समुद्राखालीच असणार. हिमयुगात बरंचसं पाणी बर्फात अडकलं होतं आणि समुद्राची पातळी आजच्याहून कितीतरी मीटर खाली होती. खंबायतच्या आखातासारखा उथळ भाग तेव्हा कोरडा पडला असला पाहिजे. किनाऱ्याने चालत आलेल्या माणसांना तापी आणि नर्मदा या पश्चिमेकडे उघडणाऱ्या नद्यांची खोरी म्हणजे आत शिरण्याच्या सोप्या वाटा ठरल्या असतील. गिरणा तापीलाच मिळते. हा भूगोलावर बांधलेला तर्क आहे, त्याला खोदकामाचा आधार अजून मिळायचा आहे.

> थोडक्यात
>
> - आफ्रिकेतून जुन्या मानवजाती सुमारे १८ लाख वर्षांपूर्वी बाहेर पडल्या. आपली जात पुष्कळ नंतर आणि एकाहून अधिक वेळा बाहेर आली.
> - पाटण्याचं कवच सुमारे २९ हजार वर्षांपूर्वीचं आहे. कार्बनची पद्धत ५० हजार वर्षांपलीकडे चालत नाही. तिथे वाळूच्या कणांवरून काळ काढतात.
> - जनुकं सांगतात, की आजच्या भारतीयांचे पूर्वज सुमारे ५० हजार वर्षांपूर्वीच्या स्थलांतरातले आहेत.
> - ज्वालापुरम आणि ढाबा इथली हत्यारं त्याहून जुनी आहेत. ती दुसऱ्या जातीची असतील, किंवा वंश न टिकलेल्या आधुनिक मानवाची.

बांधावरचा दगड ओळखायचा कसा?

पाटण्याच्या थरांचं वैशिष्ट्य असं, की एकाच जागी सर्वांत खाली मध्य पुराश्मयुगाची जाड हत्यारं, त्यांच्यावर पाती आणि कवचांचा काळ, आणि सर्वांत वर बारीक सूक्ष्मास्त्रं अशी सलग उतरंड मिळते. मध्य पुराश्मयुगातल्या जाड हत्यारांकडून पात्यांकडे होणारा बदल हळूहळू झाला की एकदम, हे अशाच ठिकाणी तपासता येतं. तंत्र हळूहळू बदललं असेल, तर जुनीच माणसं नवं शिकली असावीत. एकदम बदललं असेल, तर नवी माणसं आली असावीत. वाळूच्या कणांवरून अशा थरांचं वय बारकाईने काढलं, तर हा प्रश्न बराच पुढे सरकेल.

अशी ठिकाणं आणखी असू शकतात. आरम, मोसम आणि गिरणा यांच्या काठांवर विहीर खोदताना किंवा नाला खोलीकरणात जुन्या गोट्यांचे आणि वाळूचे थर उघडे पडतात. त्यांत अकीक, जास्पर किंवा गारेच्या जातीचा तुकडा दिसला, तर तो माणसाने फोडला की आपोआप फुटला हे पाहायच्या तीन खुणा आहेत. ठोका जिथे बसला तिथे छोटी सपाट जागा असते. तिच्या लगेच खाली, तुकड्याच्या आतल्या बाजूला, गोलसर फुगवटा असतो. पाठीवर त्याच दिशेने आधी काढलेल्या तुकड्यांचे खोलगट ठसे असतात. पुरात आपटून फुटलेल्या दगडात हे तिन्ही एकत्र क्वचितच दिसतात, आणि ट्रॅक्टरच्या फाळाने उडालेल्या टवक्याची कड ताजी, वेगळ्या रंगाची असते.

असा दगड थरात रुतलेला दिसला तर तो उपसून घरी आणू नये. थरातून सुटला की त्याच्याभोवतीची वाळू जाते, आणि काळ सांगते ती वाळूच. मोजपट्टी किंवा नाणं शेजारी ठेवून फोटो काढावा, तो जमिनीपासून किती फूट खाली आहे ते लिहून ठेवावं आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवावं. जाड हत्यारं संपून पाती सुरू होतात तो सांधा एखाद्या उघड्या पडलेल्या दरडीत दिसत असेल, तर संशोधकांना खोदायला बोलावण्याजोगी जागा तीच आहे.